मुंबईला परदेशातून येणाऱ्या आपल्या माणसाला घ्यायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परदेशातून मुंबईला येणारी बरीच विमानं मध्यरात्रीच्या आगेमागे उतरतात, आणि घ्यायला येणारी माणसं पुण्याहून, नाशिकहून, साताऱ्याहून चार-चार तास गाडी चालवत आलेली असतात. ही प्रश्नोत्तरं प्रामुख्याने मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळाच्या टर्मिनल 2 बद्दल आहेत. मिनिटांचे जे अंदाज दिलेत ते अनुभवावरून बांधलेले आहेत. एखाद्या रात्री ते चुकतील, पण निघायची वेळ ठरवायला पुरेसे आहेत.

मोबाइलवर विमान उतरल्याचं दिसतंय. आता माणूस किती वेळात बाहेर येईल?

सामान चेक-इन केलेलं असेल आणि वेळ रात्रीची असेल तर चाकं जमिनीला टेकल्यापासून सव्वा ते दीड तास धरा. फक्त हातातली बॅग, भारतीय पासपोर्ट आणि दुपारची वेळ असेल तर पाऊण तासातही माणूस बाहेर दिसतो.

हा वेळ जातो कुठे ते कळलं की अंदाज बांधणं सोपं होतं. मुंबईत धावपट्टीवरून पार्किंगच्या जागेपर्यंत यायलाच दहा ते वीस मिनिटं लागतात, कारण जागा रिकामी नसेल तर विमान वाटेतच उभं राहतं. मग दार उघडतं. मोठ्या विमानातून सगळे उतरायला पंधरा-वीस मिनिटं जातात, म्हणजे मागच्या रांगेतला माणूस तेवढा वेळ जागेवरच अडकलेला असतो. तिथून इमिग्रेशनच्या हॉलपर्यंत आठ-दहा मिनिटांची चाल आहे. त्यानंतर रांग, सामानाचा पट्टा आणि शेवटी कस्टम्स.

यातली सगळ्यात उपयोगी गोष्ट अशी की इमिग्रेशनची रांग आणि सामान उतरवणं ही दोन्ही कामं एकाच वेळी चालू असतात. त्यामुळे त्यांची बेरीज करायची नाही. दोन्हींपैकी जे उशिरा संपेल तेच धरायचं. रांगेत पन्नास मिनिटं गेली तर बॅगा तोवर पट्ट्यावर येऊन फिरत असतात. रांग दहा मिनिटांत संपली तर माणूस बॅगांची वाट बघत उभा असतो. बरेच जण दोन्ही वेळा एकमेकांत मिळवतात आणि उगाच दोन-अडीच तासांचा हिशोब करतात. काही जण उलट "उतरलं म्हणजे आलंच" म्हणून लगेच गाडी दारात आणायला निघतात. खरं उत्तर या दोघांच्या मधे आहे.

विमान शोधायला कोणता नंबर वापरायचा? तिकिटावरचा नंबर टाकला तर भलतंच काही दिसतं.

तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसऱ्या कंपनीचं, असं अमेरिका-युरोपहून येताना सर्रास असतं. समजा तिकिटावर UA ने सुरू होणारा चार आकडी नंबर आहे आणि प्रवास फ्रँकफर्टहून मुंबईचा आहे. प्रत्यक्षात ते लुफ्थान्साचं LH 756 असू शकतं. तिकिटावर बारीक अक्षरात "Operated by" असं लिहिलेलं असतं, त्यापुढचं नाव आणि नंबर घ्या. येणाऱ्याने बोर्डिंग पासचा फोटो पाठवला तर सगळ्यात उत्तम.

दुसरी गोष्ट, तुम्हाला नंबर हवा आहे तो शेवटच्या टप्प्याचा. न्यूअर्कहून फ्रँकफर्टला येणारं विमान उशिरा निघालं तर काळजी वाटते ती पुढचं विमान चुकेल का याची. मुंबईला येण्याची वेळ मात्र दुसऱ्या विमानावर ठरते.

Flightradar24 च्या नकाशावर विमानाला हात लावला की कधी कधी DLH756 किंवा UAE500 असं तीन अक्षरांनी सुरू होणारं नाव दिसतं. हे वैमानिक आणि नियंत्रण कक्ष वापरतात ते नाव. DLH म्हणजे लुफ्थान्सा, UAE म्हणजे एमिरेट्स, BAW म्हणजे ब्रिटिश एअरवेज, AIC म्हणजे एअर इंडिया. विमान तेच असतं.

ॲप सांगतंय की विमान पोहोचलंसुद्धा! पण मुलगी तर अजून विमानात बसायचीय.

तुम्ही कालचं विमान बघताय. एकच नंबर रोज उडतो आणि शोधल्यावर पहिल्यांदा कोणत्या दिवसाचं विमान समोर येईल याचा भरवसा नसतो. बहुतेक ठिकाणी तारीख धरतात ती निघण्याची, पोहोचण्याची नव्हे. अमेरिकेहून 14 तारखेच्या रात्री निघालेला माणूस मुंबईत 16 तारखेला पहाटे उतरू शकतो. तिकिटावर पोहोचण्याच्या वेळेपुढे +1 किंवा +2 असं छापलेलं असतं, ते नजरेतून सुटू देऊ नका.

मध्यरात्रीचा घोळ याहून वाईट. "16 तारखेला 00:50" याचा अर्थ 15 तारखेचं जेवण आटोपून निघायचं. घरात सांगताना "सोमवारी रात्री एक" असं म्हटलं तर निम्मे लोक एक दिवस उशिरा येतील. "रविवारी जेवून निघायचं, विमान रविवार उलटून गेल्यावर रात्री पाऊण-एकला आहे" असंच सांगा.

वेळ UTC मध्ये दिसत असेल तर त्यात साडेपाच तास मिळवा. UTC 19:58 म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवसाची पहाट, 01:28.

पोहोचण्याची अंदाजे वेळ कधीपासून खरी मानायची?

विमान उडाल्यानंतर. त्याआधी दाखवतात ती बरेचदा वेळापत्रकातली वेळ असते, आणि विमान दारातच उभं असलं तरी "वेळेवर" असं दिसू शकतं. चाकं उचलल्यावर उरलेलं अंतर, वेग आणि वारा यांवरून जो अंदाज निघतो तो बराच विश्वासार्ह असतो.

उशिरा उडालेलं विमान उशिराच पोहोचेल असंही नाही. वेळापत्रकात थोडी सैल जागा ठेवलेली असते आणि पश्चिमेकडून येताना वरच्या थरातले वारे मागून ढकलतात. त्यामुळे अर्धा तास उशिरा निघालेलं विमान मुंबईला दहा मिनिटंच उशिरा येऊ शकतं.

एक फरक ध्यानात ठेवा. वेळापत्रकातली पोहोचण्याची वेळ असते ती विमान पार्किंगच्या जागी थांबण्याची. ॲपवर Landed पुढे जी वेळ दिसते ती चाकं टेकल्याची. Arrived असं वेगळं दाखवलं तर ती थांबल्याची. या दोन्हींत पंधरा मिनिटांचं अंतर सहज असतं.

एअर इंडियाच्या युरोप-अमेरिकेच्या विमानांसाठी जुन्या आठवणीवरून उड्डाणाचे तास मोजू नका. पाकिस्तानने 24 एप्रिल 2025 ला भारतीय कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली आणि तेव्हापासून या विमानांना लांबची वाट घ्यावी लागली. त्या-त्या दिवशीच्या तिकिटावरचीच वेळ बघा.

नकाशावर विमान मधेच गायब झालं. काही झालं असेल का?

नाही, घाबरू नका. हे ॲप विमानाने स्वतः पाठवलेले संकेत जमिनीवरच्या रिसीव्हरनी पकडून जागा दाखवतात. समुद्रावर किंवा रिसीव्हर विरळ असलेल्या भागात संकेत पोहोचत नाहीत, मग ॲप अंदाजाने रेष पुढे ओढतं किंवा विमान दिसेनासं होतं. पश्चिम आशियाच्या काही भागांत जीपीएसमध्ये अडथळे आणले जातात, तिथे विमान एकदम भलतीकडे उडी मारल्यासारखंही दिसतं. आई-बाबा विमानात असताना रात्री ते बघून छातीत धस्स होतं, हे अगदी खरं आहे. अशा वेळी नकाशा बंद करा आणि विमानकंपनीच्या साईटवर त्या विमानाची स्थिती बघा.

मुंबईजवळ आलं आणि आता गोल गोल फिरतंय. किती वेळ जाईल?

मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या वेळी विमानांना रांगेत थांबवतात आणि हवेतली रांग म्हणजे हे लांबट गोल. एक फेरी साधारण चार-पाच मिनिटांची असते. रात्री दोन-तीन फेऱ्या होणं नेहमीचं आहे.

धावपट्टीच्या अगदी जवळ येऊन विमान पुन्हा वर चढलं तर उतरण्याचा तो प्रयत्न सोडून दिलेला असतो. पावसाळ्यात वारा किंवा दृश्यमानता बिघडली की वैमानिक हाच सुरक्षित निर्णय घेतात. पुन्हा फिरून यायला पंधरा-वीस मिनिटं धरा.

इमिग्रेशनला आज किती वेळ लागेल हे बाहेरून कळू शकतं का?

अचूक नाही, पण बराच चांगला अंदाज येतो, आणि तो फारसं कोणी काढत नाही याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

विमानतळाच्या साईटवर किंवा ॲपमध्ये मुंबईच्या आगमनांची यादी उघडा. तुमचं विमान उतरण्याच्या आधीच्या चाळीस मिनिटांत आणि नंतरच्या दहा मिनिटांत आणखी कोणती आंतरराष्ट्रीय विमानं आली ते बघा. देशांतर्गत विमानं सोडून द्या, त्यांची माणसं या रांगेत येत नाहीत. मग विमानाचा आकार बघा. बोइंग 777 मधून साडेतीनशेच्या आसपास माणसं उतरतात, एअरबस ए-380 मधून पाचशेच्या घरात, आखाती देशांतून येणाऱ्या ए-320 किंवा 737 सारख्या छोट्या विमानातून दीडशे ते दोनशे.

तुमच्या विमानाआधी अर्ध्या तासात एखादंच छोटं विमान आलं असेल तर रांग दहा-पंधरा मिनिटांची. दोन मोठी आणि एक छोटं लागोपाठ आलं असेल तर हॉलमध्ये आठ-नऊशे माणसं आहेत, म्हणजे पस्तीस ते पन्नास मिनिटं समजा. चालू काउंटर किती आहेत यावर हे कमी-जास्त होतं, आणि ते बाहेरून दिसत नाही.

यातून आणखी एक गोष्ट उमगते. विमान पंचवीस मिनिटं लवकर आलं म्हणून माणूस पंचवीस मिनिटं लवकर बाहेर येईलच असं नाही. ते दुसऱ्या दोन मोठ्या विमानांच्या बरोबरीने उतरलं असेल तर मिळालेला वेळ रांगेत जातो. उलट, अर्धा तास उशीर झालेल्या विमानाला कधी कधी रिकामा हॉल मिळतो.

सामान यायला किती वेळ लागतो?

विमान जागी थांबल्यावर पहिली बॅग पट्ट्यावर यायला वीस ते तीस मिनिटं लागतात. शेवटची यायला पाऊण ते एक तास. अमेरिकेहून येणाऱ्या कुटुंबाच्या चार-पाच मोठ्या बॅगा असतील तर त्यातली एक तरी शेवटच्या घोळक्यात येणार, असं गृहीत धरा.

पुढे कस्टम्सचा हिरवा मार्ग असतो. ज्यांच्याकडे जकात भरण्यासारखं काही नाही ते तिथून सरळ जातात, पण अधिकारी कोणाचीही बॅग एक्स-रे यंत्रात घालायला सांगू शकतात. त्यासाठी दहा मिनिटं ठेवा. आणलेलं सोनं किंवा महागडी वस्तू जाहीर करायची असेल तर लाल मार्ग, आणि त्याला अर्धा-पाऊण तास सहज जातो. इमिग्रेशन आणि पट्ट्यांच्या मधे ड्यूटी फ्रीचं दुकान आहे. घरचा कोणी तिथे थांबणारा असेल तर तोही वेळ धरा!

आई-बाबांनी व्हीलचेअर मागितली आहे. त्यामुळे लवकर येतील की उशिरा?

सुरुवातीला उशीर, नंतर सुटका. व्हीलचेअरच्या प्रवाशांना बहुतेक वेळा सगळे उतरल्यावर उतरवतात, आणि एकाच विमानात असे वीस-तीस प्रवासी असतील तर माणसं आणि खुर्च्या कमी पडतात. अमेरिकेहून येणाऱ्या विमानांत ज्येष्ठांची संख्या मोठी असते, म्हणून दारातच पंधरा-वीस मिनिटं जातात. मात्र इमिग्रेशनला त्यांना वेगळ्या काउंटरवर नेतात आणि मोठी रांग टळते. खुर्ची ढकलणारा माणूस बॅगाही उतरवून देतो आणि बाहेरपर्यंत येतो.

दोघांपैकी एकालाच खुर्ची असेल तर त्यांनी वेगळं होऊ नये, एवढं आधीच सांगून ठेवा. बाबा खुर्चीवरून पुढे गेले आणि आई नेहमीच्या रांगेत उभी राहिली, तर पासपोर्ट एकाकडे आणि सामानाच्या पावत्या दुसऱ्याकडे अशी गत होते.

मुलांचे पासपोर्ट अमेरिकन आहेत. त्यांना जास्त वेळ लागतो का?

ओसीआय कार्ड असेल तर फारसा फरक पडत नाही. व्हिसावर येणारे परदेशी नागरिक वेगळ्या रांगेत जातात आणि ई-व्हिसावाल्यांचे बोटांचे ठसे व फोटो घेतात, म्हणून प्रत्येकाला जास्त वेळ लागतो. मध्यरात्रीच्या गर्दीत त्यांच्यासाठी दीड ते दोन तास धरलेले बरे. 1 ऑक्टोबर 2025 पासून परदेशी नागरिकांना आगमनाचं कार्ड ऑनलाइन भरता येतं, पोहोचण्याच्या आधीच्या 72 तासांत. ज्यांना ते लागू आहे त्यांनी घरूनच भरून यावं. हॉलमध्ये उभं राहून मोबाइलवर भरण्यात रांगेतली जागा जाते.

वर्षातून दोन-तीनदा ये-जा करणाऱ्या नातेवाइकांना फास्ट ट्रॅक इमिग्रेशनबद्दल जरूर सांगा. ही योजना जून 2024 मध्ये दिल्लीत सुरू झाली आणि जानेवारी 2025 मध्ये मुंबईत आली. भारतीय पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड असलेल्यांना ऑनलाइन नोंदणी करून एकदा बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो द्यावा लागतो, मग स्वयंचलित दारातून जाता येतं. शुल्क नाही. पण मघाचा नियम इथेही लागू होतो. रांग वाचली तरी बॅगा आपल्याच गतीने येणार. ज्याच्याकडे फक्त हातातली बॅग आहे त्याला याचा खरा फायदा.

एखादं उदाहरण घेऊन सगळा हिशोब दाखवाल का?

समजा आई-बाबा न्यू जर्सीहून फ्रँकफर्टमार्गे येताहेत. मुंबईची वेळापत्रकातली वेळ 01:05. बाबांना व्हीलचेअर आहे, चार बॅगा आहेत, आणि तुम्ही पुण्यात आहात.

संध्याकाळी पाचच्या सुमारास कळलं की विमान फ्रँकफर्टहून उडालं, अर्धा तास उशिरा. ॲप पोहोचण्याची वेळ 01:20 दाखवतंय. तुम्ही साडेदहाला घरातून निघता. मुंबईजवळ विमान दोन फेऱ्या मारतं आणि 01:28 ला चाकं टेकतात. जागी थांबतं 01:43 ला. दार उघडून सगळे उतरेपर्यंत 02:05 होतात. खुर्ची मिळून दोघं इमिग्रेशनला पोहोचतात 02:18 ला, आणि वेगळ्या काउंटरवरून 02:33 ला सुटतात. इकडे पहिली बॅग 02:10 ला आली आहे, पण त्यांची चौथी बॅग 02:40 ला येते. कस्टम्स पार करून दोघं दारात 02:50 ला.

म्हणजे चाकं टेकल्यापासून एक तास बावीस मिनिटं, आणि वेळापत्रकापासून पावणेदोन तास.

आता आई एकटीच, खुर्चीशिवाय आली असती तर? ती विमानातून 01:58 ला उतरली असती आणि 02:08 ला रांगेत लागली असती. आधीच्या अर्ध्या तासात दोन मोठी विमानं आली असतील तर 02:45 ला सुटली असती. तोवर बॅगा पट्ट्यावर आलेल्याच, म्हणून ती दारात 02:55 ला. वेळ जवळजवळ तोच, फक्त एका बाबतीत बॅगेने ठरवला आणि दुसऱ्या बाबतीत रांगेने.

मग पुण्याहून नेमकं कधी निघायचं?

विमान उडण्याच्या आधी निघू नका, एवढं पाळलं तरी निम्मा त्रास वाचतो. युरोपहून मुंबई आठ-नऊ तासांची आहे, म्हणजे उडाल्याचं कळल्यावरही तुमच्याकडे वेळच वेळ असतो. दुबई, मस्कत, दोहाहून मात्र विमान अडीच ते साडेतीन तासांत येतं आणि पुण्याहून रस्ताही तेवढाच आहे. तिथे उडाल्यावर निघालं तरी चालतं, कारण तुमच्या हाताशी बाहेर येण्याचा तासभर असतो.

हिशोब उलटा करा. उतरण्याची अंदाजे वेळ 01:20, त्यात पंचाहत्तर मिनिटं मिळवली की 02:35. त्याआधी अर्धा तास, म्हणजे 02:05 ला विमानतळाजवळ असायचं. रस्त्याचे साडेतीन तास वजा केले की साडेदहा. शुक्रवारची रात्र, जोडून सुट्टी किंवा घाटात पाऊस असेल तर आणखी एक तास आधी. उशीर झाला तर म्हातारी माणसं चार बॅगा घेऊन फुटपाथवर उभी राहतात, म्हणून चूक करायचीच तर लवकर पोहोचण्याच्या बाजूला करा. परतीची वाटही पहाटेची असते. सोबत दुसरा गाडी चालवणारा असू द्या, किंवा ड्रायव्हरला गाडीत तासभर झोपू द्या.

गाडी कुठे थांबवायची?

सहार उन्नत मार्गाच्या कडेला नको. तिथे थांबायला मनाई आहे आणि मागून गाड्या वेगाने येतात. टर्मिनल 2 ला लागून बहुमजली पार्किंग आहे. दोन जण असाल तर एकाने आगमनाच्या बाहेरच्या जागेत उभं राहावं आणि दुसऱ्याने गाडी बाहेरच ठेवावी, माणसं बॅगांसह दिसली की फोन करून आत बोलवावी. एकटे असाल तर चाकं टेकल्यावर पाऊण तासाने पार्किंगमध्ये शिरा. आधी शिरलात तर केवळ पैसे मोजत बसाल.

तिकिटाशिवाय टर्मिनलच्या आत जाता येत नाही. त्यामुळे भेट बाहेरच होणार.

बाहेर आल्यावर त्यांचा फोन लागला नाही तर?

परदेशी सिमचं रोमिंग चालू नसतं, किंवा सहा महिने बंद असलेलं भारतीय सिम बाद झालेलं असतं. विमानतळाच्या वायफायला ओटीपी लागतो आणि तो त्याच बंद नंबरवर जातो. ज्येष्ठ माणसं तिथेच अडकतात.

म्हणून उड्डाणाआधीच ठरवा: बाहेर पडल्यावर कुठेही जायचं नाही, दारासमोरच्या कठड्यापाशी थांबायचं, आम्हीच शोधत येऊ. तुमचा नंबर कागदावर लिहून पासपोर्टच्या पाकिटात ठेवायला सांगा. शेजारच्या प्रवाशाकडून किंवा खुर्ची ढकलणाऱ्या माणसाकडून एक फोन करून घेणं सगळ्यांना जमतं. तुम्ही लाल शाल किंवा भगवी टोपी घातली असेल तर आधी सांगा. तीनशे माणसांच्या घोळक्यात चेहऱ्याआधी रंग दिसतो.

विमान दिल्लीमार्गे येतंय. तेव्हाही हाच हिशोब का?

नाही. इमिग्रेशन होतं ते भारतात पहिल्यांदा उतरतात तिथे. न्यूयॉर्क-दिल्ली-मुंबई असं तिकीट असेल तर ती रांग साधारणपणे दिल्लीत संपते आणि मुंबईला माणूस देशांतर्गत प्रवाशासारखा येतो. मग चाकं टेकल्यापासून चाळीस-पन्नास मिनिटं पुरतात. पण टर्मिनल तपासा, कारण देशांतर्गत विमानं टर्मिनल 1 वरही उतरतात आणि दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत. नवी मुंबईचा विमानतळही 25 डिसेंबर 2025 पासून सुरू झालाय. तिकिटावर BOM लिहिलंय की NMI हे डोळ्यांनी वाचा. गोव्याकडच्या मंडळींना हा प्रकार आधीपासून ठाऊक आहे: GOI म्हणजे दाबोळी आणि GOX म्हणजे मोपा.

पावसामुळे विमान अहमदाबादला वळवलं. आम्ही पनवेलपर्यंत आलोय. परत जावं का?

परत जाऊ नका, पण पुढेही घाई नको. बहुतेक वेळा प्रवासी विमानातच बसून राहतात, इंधन भरतात, मुंबईची हवा सुधारली की विमान पुन्हा येतं. याला दोन ते चार तास लागू शकतात. कर्मचाऱ्यांच्या कामाचे तास संपले तर मात्र दुसरा चमू येईपर्यंत सगळं खोळंबतं. ॲपवर विमान पुन्हा उडालेलं दिसेपर्यंत जिथे चहा आणि स्वच्छतागृह आहे तिथे थांबा. अशा रात्री अनेक विमानं एकदम परत येतात, म्हणून उतरल्यानंतरचा वेळ नेहमीपेक्षा अर्धा तास जास्त धरा.

चाकं टेकून दोन तास झाले. त्याच विमानाची माणसं बाहेर येऊन गेली. आता काय करायचं?

आधी बाहेर येणाऱ्यांच्या बॅगांवरचे टॅग बघा किंवा त्यांनाच विचारा, "फ्रँकफर्टच्या विमानाने आलात का?" अजूनही "हो" म्हणणारे दिसत असतील तर थांबा. त्यांनाच विचारा की पट्ट्यापाशी किती लोक उरलेत. हे लोक थकलेले असतात, तरी आवर्जून सांगतात.

बॅग न येणं हे उशिराचं सगळ्यात नेहमीचं कारण. फ्रँकफर्टला विमान बदलायला कमी वेळ मिळाला असेल तर माणूस येतो आणि बॅग मागे राहते. मग विमानकंपनीच्या काउंटरवर तक्रार नोंदवून पावती घ्यावी लागते, त्यात अर्धा-पाऊण तास जातो. ती पावती न घेता त्यांनी बाहेर येऊ नये, कारण एकदा बाहेर पडलं की पुन्हा आत जाऊ देत नाहीत.

अडीच तास झाले आणि काहीच कळलं नाही तर दारावरच्या सुरक्षा कर्मचाऱ्याला विमानकंपनीचा माणूस बोलवायला सांगा. हाताशी पासपोर्टवरचं पूर्ण नाव, फ्लाइट नंबर आणि आसन क्रमांक असू द्या. तो माणूस आधी ते विमानात चढले होते का हे बघतो. जोडविमान चुकलं असेल तर ते अजून फ्रँकफर्टलाच असतील आणि तो त्यांना पुढच्या कोणत्या विमानात जागा दिली ते सांगेल. चढले होते असं निघालं तर तो आत व्हीलचेअरच्या माणसांना आणि बॅगांच्या काउंटरला फोन करून विचारतो.